२६८ तास ५५ मिनिटं: एका रेझ्युमेची उलटतपासणी

एप्रिल २०२५ मधली गोष्ट. आमच्याच सोसायटीतला, खालच्या मजल्यावरचा मुलगा संध्याकाळी लॅपटॉप घेऊन वर आला. वय तेवीस. हातात कमर्शियल पायलट लायसन्स, म्हणजे सगळे म्हणतात ते सीपीएल, येऊन वर्ष झालेलं. एका विमान कंपनीत ज्युनिअर फर्स्ट ऑफिसरसाठी अर्ज केला होता आणि परीक्षेला बोलावणं येण्याआधीच नकार आला होता. नकाराचं कारण एका ओळीत होतं: अर्जात दिलेली उड्डाणांची माहिती जुळत नाही. सहा महिने पुन्हा अर्ज करता येणार नाही, हेही खाली लिहिलेलं.

"काकू, तुम्ही पायलटांचे रेकॉर्ड बघायचात ना? मी खोटं काहीच लिहिलेलं नाही हो. मग जुळत नाही म्हणजे काय?"

मी बरीच वर्षं एका विमान कंपनीत वैमानिकांच्या नोंदी सांभाळायचं काम केलं. कंपनीचं नाव इथे महत्त्वाचं नाही. काम मात्र सांगते: नव्यानं येणाऱ्या वैमानिकाचा रेझ्युमे, भरलेला फॉर्म आणि लॉगबुक एकाच टेबलावर ठेवायचं आणि तिन्हींत एकच माणूस दिसतोय का ते बघायचं. विमान कसं उडवतो हे मला कळत नाही. पण बेरीज कळते, आणि नवख्या वैमानिकाच्या रेझ्युमेत पहिल्या पाच मिनिटांत तेवढंच बघितलं जातं.

आमचं घर विश्रांतवाडीत. लोहगावहून सुखोई निघालं की बोलणं आपोआप थांबतं, आवाज गेला की वाक्य तिथूनच पुढे. त्या संध्याकाळी तीन-चार वेळा तसं झालं, आणि बरंच झालं, कारण त्याचा रेझ्युमे वाचताना मला मधूनमधून गप्प बसायला निमित्त हवंच होतं.

दोन पानं. वर फोटो, मग वडिलांचं नाव, दहावीचे टक्के, हिंदीच्या परीक्षा, छंद म्हणून सिंहगड चढणं. उड्डाणाचा मजकूर पहिल्या पानाच्या तळाशी सुरू व्हायचा आणि दुसऱ्या पानावर संपायचा. त्यातल्या ज्या ओळी पुढे महत्त्वाच्या ठरल्या त्या अशा: एकूण उड्डाण २६८:५५. पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःकडे असतानाचे तास, ११२:४५. मल्टी-इंजिन आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे एकाहून जास्त इंजिनांचं विमान आणि बाहेरचं न बघता उपकरणांवर उडवण्याची परवानगी, चालू. टाइप रेटिंग, एअरबस ए३२०. गेल्या सहा महिन्यांतला अनुभव, ४० तास. आणि कंपनीच्या वेबसाइटवर त्यानं भरलेल्या फॉर्मची प्रत बघितली, तर तिथे पायलट-इन-कमांड ९९.६५.

मी त्याला म्हटलं, "लॉगबुक आण आधी."

लॉगबुक नीट होतं, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. शाईनं लिहिलेलं, चूक झाली तिथे एकच आडवी रेघ आणि प्रशिक्षकाची सही, प्रत्येक पानाखाली बेरीज पुढे ओढलेली. शेवटच्या पानावरची एकूण बेरीज २०८:५५. नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या डीजीसीएच्या ई-जीसीए पोर्टलवर त्याच्या खात्यात संस्थेनं मंजूर केलेले तासही तेवढेच. म्हणजे मूळ कागद स्वच्छ होता. घोळ सगळा त्या कागदावरून रेझ्युमेवर येताना झालेला.

२६८:५५ वजा २०८:५५ म्हणजे बरोबर साठ तास. फरक इतका गोल आला की मी कॅल्क्युलेटर बाजूला ठेवला. गोल फरक म्हणजे विसरभोळेपणा नव्हे, कुठलातरी अख्खा गठ्ठा उचलून मिळवलेला असतो. विचारलं तर लगेच निघालं. वीस तास फ्लाइंग संस्थेतल्या सिम्युलेटरवरचे, इन्स्ट्रुमेंट रेटिंगच्या वेळचे. आणि चाळीस तास त्या वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये केलेल्या ए३२० कोर्सच्या फुल फ्लाइट सिम्युलेटरचे.

"पण तेही फ्लाइंगच आहे ना? एवढे पैसे भरलेत बाबांनी."

पैसे भरले हे खरं. पण उड्डाणाचा वेळ म्हणजे विमान उड्डाणासाठी जागेवरून हललं तिथपासून उड्डाण संपून अखेरचं थांबलं तिथपर्यंत. सिम्युलेटर जागेवरून हलत नाही, त्याचे खालचे पायच काय ते हलतात. त्याचा वेळ लिहायचा, जरूर लिहायचा, पण वेगळ्या ओळीत आणि एकूण उड्डाणाच्या बेरजेबाहेर. शिवाय त्या चाळीस तासांतही एक मेख आहे. टाइप कोर्सला दोघं एकत्र बसतात. अर्धा वेळ एक जण उडवतो आणि दुसरा मॉनिटरिंगला, मग अदलाबदल. म्हणजे चाळीसातले त्याच्या हातचे वीसच. मुलाखतीला बसलेल्या कॅप्टनला हे विचारायची गरज पडत नाही, तो स्वतः त्याच खुर्चीतून गेलेला असतो.

आता ते ९९.६५. माझ्या मते नकार आला तो मुख्यतः याच आकड्यामुळे, आणि गंमत म्हणजे इथे त्यानं तास वाढवले नव्हते, कमी केले होते.

सीपीएल मिळायला डीजीसीएच्या नियमात किमान २०० तास उड्डाण लागतं आणि त्यातले किमान १०० तास पायलट-इन-कमांड म्हणून. आता तपासणाऱ्याच्या जागी बसून बघा. समोर सीपीएल आहे आणि फॉर्मवर पायलट-इन-कमांड शंभराच्याही खाली. मग या माणसाला परवाना मिळाला कसा? २०११ साली बनावट कागदांवर आणि न केलेल्या उड्डाणांवर परवाने काढल्याची प्रकरणं देशात गाजली होती. तेव्हापासून नोंदींच्या टेबलावर असा आकडा दिसला की कोणी फोन करून विचारत बसत नाही. अर्ज बाजूला जातो.

मी त्याला नुसतं विचारलं, "मिनिटं पासष्ट कशी असतात रे?"

तो बघतच राहिला.

त्यानं सगळी उड्डाणं एक्सेलमध्ये घातली होती. लॉगबुकात १:३० लिहिलं असेल तिथे १.३० टाइप केलेलं. फॉर्ममध्ये तासांचा रकाना दशांशात मागितला होता, म्हणून एक्सेलनं केलेली बेरीज तशीच उचलून टाकली. आम्ही त्याच्या तीन सोलो उड्डाणांची बेरीज करून बघितली: १:३०, १:४५ आणि ०:५०. एक्सेलच्या हिशेबानं १.३० अधिक १.४५ अधिक ०.५०, म्हणजे ३.२५. तो ते तीन तास पंचवीस मिनिटं असं वाचत होता. खरी बेरीज चार तास पाच मिनिटं. तीन उड्डाणांत चाळीस मिनिटं गळाली, कारण एक्सेल शंभर झाल्यावर हातचा घेतं आणि घड्याळ साठ झाल्यावर.

पूर्ण पायलट-इन-कमांडच्या रकान्यात सुटे तास ८० होते आणि सुटी मिनिटं १,९६५. ती १,९६५ मिनिटं म्हणजे ३२ तास ४५ मिनिटं, एकूण ११२:४५. एक्सेलला ती १९.६५ वाटली, म्हणून ९९.६५. तेरा तास कोणी चोरले नव्हते, एका टिंबानं खाल्ले होते.

उपाय सोपा आहे, पण त्यातही एक खड्डा आहे. वेळ १:३० अशी अपूर्णविरामानं टाइप करायची, मग एक्सेल ती वेळ म्हणून ओळखतं. पण बेरजेच्या चौकटीचं फॉरमॅट साधं `h:mm` ठेवलं तर चोवीस तास झाले की ते पुन्हा शून्यापासून मोजायला लागतं, आणि २०८:५५ च्या जागी १६:५५ दिसतं. त्यानं आधी हे करून बघितलं होतं, सोळा तास दिसल्यावर घाबरून दशांशाकडे वळला होता. चौकटीचं फॉरमॅट असं हवं:

```
[h]:mm
```

त्या चौकोनी कंसामुळे तास चोवीसवर तुटत नाहीत. आणि फॉर्मनं दशांशच मागितला तर शेवटच्या बेरजेतली मिनिटं साठनं भागायची, प्रत्येक उड्डाणाची नाही. ११२:४५ चे ११२.७५ होतात. २०८:५५ चे २०८.९२. दशांशातल्या आकड्याकडे बघून चूक कळेलच असं नाही, पण लॉगबुकशी ताळा करताना पंचेचाळीस मिनिटांचं पंचाहत्तर झालेलं दिसलं की समजतं, माणसाला रूपांतर कळतं.

हे झाल्यावर मी कोऱ्या कागदावर त्याची बेरीज दोन रस्त्यांनी मांडली. नोंदींच्या टेबलावर आम्ही हेच करायचो. एक रस्ता विमानांचा: सेसना १५२ वर ११८:२५, सेसना १७२ वर ७४:५०, डायमंड डीए४२ वर १५:४०. बेरीज २०८:५५. दुसरा रस्ता कोण म्हणून बसला याचा: प्रशिक्षकाबरोबर ड्युअल ९६:१०, पायलट-इन-कमांड ११२:४५. बेरीज पुन्हा २०८:५५. दोन्ही रस्ते एकाच ठिकाणी पोचले की तपासणारा निर्धास्त होतो. एखादा रस्ता दुसरीकडेच गेला तर तो लॉगबुक मागवतो, आणि तीनशे अर्ज समोर असताना सहसा मागवतही नाही.

क्रॉस-कंट्री, रात्रीचं उड्डाण आणि इन्स्ट्रुमेंट हे रकाने या बेरजेत येत नाहीत, कारण ते आधीच तिच्या पोटात आहेत. रात्री एकट्यानं दुसऱ्या विमानतळावर जाऊन आला तर तेच दोन तास पायलट-इन-कमांडमध्येही, क्रॉस-कंट्रीमध्येही आणि रात्रीतही. त्याच्या जुन्या रेझ्युमेत हे सगळे एकाच यादीत, एकाखाली एक होते, वाचणाऱ्याला वाटावं की मिळवायचेत. आम्ही ते 'पैकी' या शब्दाखाली वेगळे काढले. इन्स्ट्रुमेंटमध्ये विमानातले २१:४० आणि सिम्युलेटरवरचे २०:०० अशी फोड दाखवली. इन्स्ट्रुमेंट रेटिंगला चाळीस तास लागतात आणि त्यात सिम्युलेटरचे वीसच धरतात, म्हणून ही फोड बघणाऱ्याच्या पटकन लक्षात येते.

मधेच त्याचे वडील चहाला वर आले. बँकेत आयुष्य गेलेलं, आकड्यांशी सलगी. "वहिनी, दोनशे नऊ म्हणजे जवळजवळ सव्वादोनशेच की. लिहून टाकू दे सव्वादोनशे, कोण मोजतंय?" मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही कॅश टॅली करताना जवळजवळ म्हणायचात का?" ते हसले आणि पुन्हा तो विषय निघाला नाही. पण हे बोलणं मी अनेक घरांत ऐकलंय. दोनशेच्या आसपास तास असलेल्या मुलाला वाटतं पंधरा तासांनी फरक पडेल. पडत नाही. ज्युनिअर फर्स्ट ऑफिसरच्या अर्जात दोनशे दहा आणि दोनशे पंचवीस यांच्यात कंपनीला काही दिसत नाही. लॉगबुकात २०८:५५ आणि रेझ्युमेवर २२५ यांच्यात मात्र सगळं दिसतं.

तासांचा प्रश्न सुटला तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते. मला वाटलं होतं तेवढंच असेल. मग मी त्याला विचारलं, शेवटचं खरं विमान कधी उडवलंस?

"चाचणीला. डीए४२."

"तारीख?"

"१८ जानेवारी."

"यंदाची?"

तो गप्प. १८ जानेवारी २०२४. अर्ज केला २८ मार्च २०२५ ला. मधे चौदा महिने. परवाना एप्रिल २०२४ मध्ये हातात आला, त्यानंतर नोकरीच्या जाहिरातींची वाट बघण्यात वर्ष गेलं, मग ए३२० चा कोर्स. आणि रेझ्युमेवर "गेल्या सहा महिन्यांत ४० तास". ते चाळीस म्हणजे तेच सिम्युलेटरचे, दुसऱ्यांदा मोजलेले.

इथे मी थोडी रागावले, कारण याच ओळीत आणखी एक गोष्ट दडली होती आणि ती त्याच्या ध्यानातही नव्हती. २०२३ च्या दुरुस्तीनंतर सीपीएलची मुदत पाचावरून दहा वर्षं झाली. त्याच्या परवान्यावर २०३४ ची तारीख आहे. ती बघून सगळ्याच मुलांना वाटतं, आता दहा वर्षं बघायला नको. पण त्या परवान्यातलं इन्स्ट्रुमेंट रेटिंग चाचणीपासून बारा महिन्यांचंच असतं. त्याचं जानेवारी २०२५ मध्येच संपलं. म्हणजे मार्चमध्ये रेझ्युमेवर "इन्स्ट्रुमेंट रेटिंग, चालू" लिहिलं तेव्हा ते दोन महिने बंद होतं. क्लास वन मेडिकलचंही तसंच, त्याच्या वयाला वर्षाचं. ते सुदैवानं नोव्हेंबर २०२५ पर्यंत होतं.

त्याला हे लपवायचं नव्हतं, हे मला पटलं. त्यानं परवाना बघून लिहिलं. पण रेझ्युमेवर "चालू" हा शब्द तारखेशिवाय लिहायचाच नसतो. चाचणीची तारीख आणि मुदतीची तारीख, दोन्ही लिहिल्या असत्या तर लिहितानाच त्याला कळलं असतं.

ए३२० च्या ओळीचंही तेच. कोर्सची सिम्युलेटर सत्रं पूर्ण झाली होती, शेवटची स्किल टेस्ट बाकी होती, परीक्षकाची तारीख मिळत नव्हती. मग टाइप रेटिंग आहे की नाही? नाही. टाइप रेटिंग म्हणजे परवान्यावर चढलेली नोंद. कोर्स झाला तर कोर्स झाला म्हणायचं. विमानांची यादी करतानाही हाच भेद सांभाळावा लागतो. सेसना आणि डीए४२ वर तो बसलाय, उडवलंय, तास आहेत. ए३२० वर शून्य तास आहेत. ज्या यादीत तास लिहिले जातात त्या यादीत ए३२० ला जागाच नाही. प्रशिक्षण या शीर्षकाखाली एक ओळ, बस.

आता दुरुस्ती दोन प्रकारची होती. कागदाची एका रात्रीत झाली. पण रिकाम्या चौदा महिन्यांची कागदावर होण्यासारखी नव्हती, त्यासाठी उडावंच लागणार होतं. आणि एप्रिलचा शेवट आला होता. महाराष्ट्रात जून लागला की ढग खाली येतात, छोटी विमानं दिवसेंदिवस हँगरमध्ये उभी राहतात. मे महिना हातचा जाऊ द्यायचा नाही असं ठरलं.

पुण्याहून अडीच तासांवर त्याची जुनी फ्लाइंग संस्था. एवढ्या खंडानंतर त्यांनी एकट्याला विमान दिलं नाही, योग्यच केलं. आधी प्रशिक्षकाबरोबर सेसना १७२ वर १:१५. त्यात सर्किट, स्टॉल, फोर्स्ड लँडिंगचा सराव. "पहिलं लँडिंग असं आपटलं काकू, की सरांनी नुसतं माझ्याकडे बघितलं," तो फोनवर म्हणाला. मग एकट्यानं ४:१०. त्यानंतर डीए४२ वर इन्स्ट्रुमेंटचा सराव आणि २४ मे रोजी चाचणी, दोन्ही मिळून ३:२०, तेही पायलट-इन-कमांडच्या रकान्याबाहेर. एकूण ८:४५. या पावणेनऊ तासांना मल्टी-इंजिनमुळे बराच पैसा लागला. दर संस्थेगणिक वेगळा असतो म्हणून आकडा देत नाही. वडिलांनी एक वाक्य काढलं नाही.

नवी बेरीज त्यानं स्वतः करून आणली आणि दोन्ही रस्त्यांनी करून आणली. मी तपासली. ११८:२५ अधिक ८०:१५ अधिक १९:००, झाले २१७:४०. ड्युअल १००:४५ अधिक पायलट-इन-कमांड ११६:५५, पुन्हा २१७:४०.

रेझ्युमे एका पानाचा झाला. फोटो, छंद, दहावीचे टक्के गेले. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित होतं एवढी ओळ ठेवली, कारण परवान्याला ती अट होती. मूळ रेझ्युमे अर्थातच इंग्रजीत आहे. त्यातला मधला भाग मराठीत मांडला तर असा दिसतो:

```
उड्डाण तास (३१ मे २०२५ रोजी, लॉगबुक व ई-जीसीएप्रमाणे)

एकूण                 २१७:४०
  पायलट-इन-कमांड     ११६:५५
  ड्युअल             १००:४५

विमानं
  सेसना १५२          ११८:२५
  सेसना १७२           ८०:१५
  डायमंड डीए४२        १९:००

सिम्युलेटर (एकूणात धरलेला नाही)
  इन्स्ट्रुमेंट        २०:००
  ए३२० फुल फ्लाइट    ४०:००

अलीकडचा अनुभव
  गेले ९० दिवस        ८:४५
  गेले १२ महिने       ८:४५
  शेवटचं उड्डाण      २४ मे २०२५, डीए४२
```

या ठोकळ्याच्या वर रेटिंग्ज आली, प्रत्येकापुढे तारीख: सीपीएल एप्रिल २०३४ पर्यंत, मल्टी-इंजिन इन्स्ट्रुमेंट चाचणी २४ मे २०२५ आणि पुढे बारा महिने, मेडिकल नोव्हेंबर २०२५ पर्यंत, मग रेडिओचे दोन्ही परवाने आणि इंग्रजीची पातळी पाच. खाली 'पैकी'चे रकाने. मग ए३२० ची ओळ: सिम्युलेटर सत्रं पूर्ण, स्किल टेस्ट बाकी.

नव्वद दिवस आणि बारा महिने या दोन्ही ओळींत तोच आकडा आला तेव्हा तो अडखळला. "हे किती वाईट दिसतं. बारा महिन्यांची ओळ काढून टाकू का? फक्त नव्वद दिवस ठेवतो." हा प्रश्न मला आवडला, कारण खरी अडचण इथेच असते. नव्वद दिवसांचं माप विमान कंपनीतल्या माणसाला सवयीचं आहे. वैमानिकाला ड्युटीवर लावायचं तर नव्वद दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग झालेली लागतात, तोच हिशेब डोक्यात असतो. ती ओळ चांगली दिसतेच. पण बारा महिन्यांची काढली तर वाचणारा स्वतः शोधतो. परवाना एप्रिल २०२४ चा, चाचणी मे २०२५ ची, मधे काय? मुलाखतीत ते बाहेर येणारच आणि तेव्हा आपण लपवल्यासारखं होतं. मी म्हटलं, ठेव. आणि मधल्या काळाचं एक साधं वाक्य तयार ठेव, ते सांगताना तक्रार नको. त्यानं ठेवली. दुसरा कुणी सल्लागार कदाचित काढायला सांगेल. मी टेबलाच्या त्या बाजूला बसलेय, म्हणून माझं मत हे.

आणखी एक छोटी भर त्यानंच सुचवली. सेसना १७२ पुढे गार्मिन जी१००० लिहायचं. त्याच्या संस्थेतल्या दोन १७२ पैकी एक जुन्या घड्याळी काट्यांचं आणि एक पडद्यांचं होतं, तो बहुतेक दुसऱ्यावर उडलाय. ए३२० च्या कॉकपिटकडे जाणाऱ्याला ते कामाचं आहे. मी मात्र बजावलं, जे लिहिशील ते विचारलं जाईल. डीए४२ लिहिलंस, तर त्याच्या दोन्ही इंजिनांना एकेकच पॉवर लिव्हर का, मिक्श्चर आणि प्रॉपेलरचे लिव्हर कुठे गेले, हे सांगता यायला हवं. ते त्याला येत होतं. डिझेल इंजिन, संगणक सांभाळतो, वगैरे सगळं सुखोईच्या आवाजावर आवाज चढवून समजावलंन.

जूनच्या पहिल्या आठवड्यात दुसऱ्या एका कंपनीत अर्ज गेला. फॉर्मवर या वेळी २१७.६७ आणि ११६.९२. तीन आठवड्यांनी लेखी परीक्षेचं बोलावणं आलं. पहिल्या कंपनीची सहा महिन्यांची बंदी तशीच होती, ती कशानं उठत नाही. ऑक्टोबरपर्यंत थांबायचं होतं.

परीक्षेला जायच्या आदल्या दिवशी तो पाया पडायला वर आला. ए३२० च्या स्किल टेस्टची तारीखही मिळाली होती, पुढच्याच महिन्यातली.

"काकू, चार तासांचं सत्र आहे. मग ते झालं की २१७:४० चे २२१:४०..."

मी चष्म्यावरून बघितलं.

"सिम्युलेटरच्या ओळीत हो," तो म्हणाला, "चाळीसचे चव्वेचाळीस."